कृषी सेवा केंद्रात पहिला माणूस ठेवताना: कामाचे वर्णन आणि छाननीचे निकष कसे लिहावेत

तालुक्याच्या गावात किंवा मोठ्या खेड्यात एकट्याने चालवलेल्या दुकानात पहिला माणूस ठेवण्याची वेळ बहुधा एखाद्या हंगामात दमछाक झाल्यावर येते, आणि मग पुढच्या हंगामाच्या तोंडावर घाईघाईने कोणीतरी ठेवला जातो. आधी माणूस ठरतो, काम नंतर ठरते; निकष तर लिहिलेच जात नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात मी कृषी सेवा केंद्र चालवतो आणि पहिल्या वेळी मीही नेमके हेच केले. जुलैच्या शेवटी, शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खताची विक्री नोंदवणाऱ्या पॉस यंत्रात दिसणारा साठा आणि गोदामातील पोती यांत 14 पोत्यांचा फरक निघाला. माणूस अप्रामाणिक नव्हता. गर्दीच्या वेळी ओळखीच्या शेतकऱ्याला पोते आधी द्यायचे आणि अंगठा नंतर घ्यायचा, असे त्याने स्वतःच ठरवले होते, कारण "यंत्रावर नोंद झाल्याशिवाय पोते हलणार नाही" हे त्याच्या कामात येते असे मी त्याला कधी लिहून दिलेच नव्हते.

पुढील पद्धत मी त्यानंतर बसवली आणि ओळखीच्या काही दुकानदारांकडेही ती वापरून पाहिली. उदाहरण कृषी सेवा केंद्राचे असले तरी पायऱ्यांचा क्रम मिनी दालमिल, दूध संकलन केंद्र किंवा हार्डवेअरच्या दुकानालाही तसाच लागू पडतो. क्रम मात्र बदलू नये, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या कागदावर उभी आहे.

## तयारी: केव्हा सुरुवात करावी आणि काय जवळ ठेवावे

खरिपासाठी माणूस हवा असेल तर लिखाणाचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, छाननी एप्रिलमध्ये आणि रुजू होणे मेच्या पहिल्या आठवड्यात, असा हिशेब धरावा. मृगाच्या पावसानंतर शिकवायला वेळ मिळत नाही. त्या दिवसांत नवा माणूस जे शिकतो ते गर्दीकडून शिकतो.

जवळ तीन गोष्टी असाव्यात: मागच्या जून-जुलैची पावतीपुस्तके किंवा संगणकातील बिलांची यादी, साठा नोंदवह्या, आणि एक साधी शंभर पानी वही.

एक सवय इथेच बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठेवताना साल ठरते, वर्षाचे धान्य ठरते आणि त्यानंतर मालक सांगेल ते काम, असा रिवाज आहे. त्याच रिवाजाने दुकानात माणूस ठेवला तर तो सकाळी गोदाम झाडतो, दुपारी मालकाच्या मुलाला शाळेतून आणतो, संध्याकाळी शेतावर मोटर चालू करायला जातो, आणि ज्या नोंदीसाठी त्याला ठेवले ती नोंद शेवटी मालकच रात्री दहाला करतो.

## टप्पा 1: सात दिवसांची कामाची नोंद

वर्णन डोक्यातून लिहू नये, नोंदीतून लिहावे. सलग सात दिवस, आठवडी बाजाराचा दिवस धरून, आपण स्वतः दिवसभर काय करतो ते वहीत लिहावे. प्रत्येक नोंदीला चार रकाने पुरतात: काम, किती मिनिटे लागली, चूक झाली तर काय बिघडेल, आणि हे काम माझ्याशिवाय दुसरा कोणी करू शकेल का. रात्री आठवून लिहिले तर लहान कामे गळतात. म्हणून वही गल्ल्याजवळ ठेवून जागच्या जागी लिहावे.

मार्चमधली नोंद जूनचे चित्र दाखवत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी मागच्या वर्षीच्या पावत्या मोजाव्यात. माझ्या दुकानात मार्चमध्ये दिवसाला आठ-दहा पावत्या फाटत होत्या, तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात साठ ते सत्तर. एका पावतीला लागणारा वेळ आज मोजता येतो. त्याला जूनच्या पावत्यांनी गुणले की हंगामातील भार समजतो. खताच्या पावतीला जास्त वेळ लागतो, कारण तिथे आधार क्रमांक, अंगठा आणि यंत्राची छापील पावती, असा सगळा क्रम पार पाडावा लागतो. अंगठा उमटला नाही की तोच शेतकरी पुन्हा हात पुसून येतो, आणि मागे रांग वाढते.

या नोंदीने माझा एक पक्का समज मोडला. मला वाटत होते की मला पोती उचलणारा माणूस हवा आहे. मनात तयार असलेल्या निकषांत पहिलाच निकष "युरियाचे 45 किलोचे पोते सहज उचलता आले पाहिजे" असा होता. नोंदीत मात्र दिसले की गाडी आली की उतरवणारे हमाल येतातच, विकलेले पोते बहुतेक शेतकरी स्वतः किंवा सोबतचा माणूस गाडीवर टाकतो, आणि माझ्या वाट्याला येणारी उचल दिवसाला अर्ध्या तासाच्या आसपास आहे. याउलट पावती, यंत्र, साठा नोंदवही आणि भाव-साठा फलक यांत दिवसाचे चार तासांहून अधिक जात होते, आणि नुकसान होण्यासारख्या सगळ्या चुकाही तिथेच होत्या. मला हवा होता तो नोंदी बिनचूक ठेवणारा माणूस. उचलीचा निकष ठेवला असता तर अर्जदारांपैकी जवळपास सगळ्या स्त्रिया आणि निम्मे पुरुष कारण नसताना बाहेर गेले असते.

तपासणी: सात दिवसांनंतर वहीत किमान चाळीसेक नोंदी असाव्यात आणि तिसरा रकाना, म्हणजे चुकीचा परिणाम, रिकामा नसावा. तो रिकामा असेल तर पुढे निकषांचे वजन ठरवता येणार नाही.

## टप्पा 2: काम वाटून घेणे

आता नोंदीतील प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक खूण करावी: "देणार", "माझ्याकडेच" किंवा "मी पाहिल्यावर". इथे सर्वांत जास्त विचार दुसऱ्या खुणेवर करावा लागतो.

कृषी सेवा केंद्रात औषधाची शिफारस परवानाधारकाकडे किंवा त्यासाठी पात्र असलेल्या व्यक्तीकडेच राहिली पाहिजे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शैक्षणिक पात्रतेची अट त्यासाठीच आहे. 2017च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. काउंटरवरील माणसाने "हे दोन मिसळून मारा, लगेच फरक पडेल" असे सांगणे ही आपल्या भागात नुसती चूक राहत नाही, तिच्यात कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. म्हणून हे काम "माझ्याकडेच" आणि ते वर्णनात निषेधाच्या भाषेत स्पष्ट लिहायचे.

उधारीला मंजुरी देणे, दर कमी करणे आणि कंपनीच्या प्रतिनिधीकडे मालाची मागणी नोंदवणे हीसुद्धा माझ्याकडेच. दिवसअखेरची रोकड "मी पाहिल्यावर": तो मोजेल, मी पुन्हा मोजेन, दोघांची सही होईल. मुदत संपलेले औषध विक्रीच्या मालातून काढणे हे काम त्याला द्यायचे. पण ते वेगळ्या जागी "मुदतबाह्य, विक्रीसाठी नाही" अशा चिठ्ठीसह ठेवल्याची खात्री मी करायची.

सावधान: "देणार" ही खूण असलेल्या कामांची बेरीज दिवसाला आठ तासांच्या वर जात असेल तर एका माणसाच्या नावाखाली दीड माणसाचे काम लिहिले जात आहे. आताच कमी करावे. आणि बेरीज हंगामाबाहेर दोन तासांच्या खाली येत असेल तर बारमाही माणूस परवडेल का, की मे ते ऑक्टोबर एवढ्याच मुदतीचा ठेवावा, हा प्रश्नही याच ठिकाणी सोडवावा, म्हणजे मार्चमध्ये त्याला अचानक घरी पाठवण्याची वेळ येत नाही.

## टप्पा 3: कामाचे वर्णन लिहिणे

वर्णन एका पानाचे असावे, मोठ्याने वाचले तर पाच मिनिटांत संपावे, आणि त्यातील प्रत्येक वाक्य "केले की नाही" असे तपासता यावे. "मनमिळाऊ", "होतकरू", "प्रामाणिक" हे शब्द वर्णनात घालू नयेत. ते खोटे असतात असे नाही, पण त्यांच्या जोरावर कोणाला निवडता येत नाही आणि कोणाला नाकारताही येत नाही. माझ्याकडील मसुदा पुढे देतो.

> पद: दुकान व साठा सहायक. संख्या एक.
>
> हे पद कशासाठी: दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची पावती आणि साठ्याची नोंद त्याच वेळी व बिनचूक व्हावी, यासाठी.
>
> रोजची कामे:
> सकाळी भाव व साठा फलकावरील आकडे नोंदवहीप्रमाणे बदलणे.
> बियाणे, खत व औषध यांची पावती करणे. बियाणे व औषधाच्या पावतीवर लॉट किंवा बॅच क्रमांक लिहिणे आणि ग्राहकाची सही घेणे.
> अनुदानित खत पॉस यंत्रावर नोंद झाल्यानंतरच देणे.
> दुकान बंद होण्यापूर्वी त्या दिवशी विकलेल्या मालाची साठा नोंदवहीत नोंद करणे आणि रोकड मोजून मालकासमोर सही करणे.
>
> आठवड्याची कामे: बाजाराच्या आदल्या दिवशी गोदामातील खताची पोती मोजून यंत्रातील साठ्याशी ताळा करणे. दर सोमवारी औषधांच्या एका कप्प्याच्या मुदतीच्या तारखा तपासणे.
>
> जे करायचे नाही: कोणत्याही ग्राहकाला कीटकनाशक, तणनाशक किंवा त्यांच्या मिश्रणाची शिफारस करायची नाही, मालकाकडे पाठवायचे. मालकाच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय उधार माल द्यायचा नाही. औषधाचे फुटलेले पाकीट किंवा गळकी बाटली उघड्या हाताने उचलायची नाही. हातमोजे व मास्क दुकानाकडून मिळतील.
>
> वेळ: सकाळी 9 ते संध्याकाळी 6, मध्ये एक तास जेवणाची सुटी. 1 जून ते 15 ऑगस्ट सकाळी 8 ते संध्याकाळी 6, मध्ये तेवढीच सुटी. आठवड्याची सुटी गुरुवारी.
>
> पहिल्या तीन महिन्यांनंतर काय पाहिले जाईल: खताच्या ताळ्यात फरक नसणे, बॅच क्रमांक नसलेली एकही पावती नसणे, आणि दिवसाची नोंद दुसऱ्या दिवसावर न ढकलणे.

बॅच क्रमांकाचा मुद्दा बारीक वाटेल. पण सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रार आली आणि पंचनाम्याची वेळ आली, तर शेतकऱ्याच्या हातात आणि आपल्या हातात फक्त पावती असते. तिच्यावर लॉट क्रमांक नसेल तर शेतकऱ्याचा दावा आणि दुकानदाराचा बचाव, दोन्ही कोलमडतात.

"जे करायचे नाही" हा भाग बहुतेक वर्णनांत नसतो. माझ्या मते एकट्याच्या दुकानात तोच सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण मालक बाहेर गेलेला असताना काउंटरवरचा माणूस नेमका याच बाबतीत स्वतःच्या मनाने निर्णय घेतो.

सावधान: "याशिवाय मालक सांगतील ती इतर कामे" हे वाक्य लिहू नये. त्याऐवजी, अधूनमधून लागणारी कामे खरोखर असतील तर ती नावाने लिहावीत, उदाहरणार्थ "महिन्यातून दोनदा तालुक्याच्या बँकेत भरणा करणे".

## टप्पा 4: पगार आणि अटी अर्ज मागवण्यापूर्वी ठरवणे

पगार "माणूस पाहून" ठरवला की छाननीही पगार पाहून होते, म्हणजे जो कमी मागेल तो पात्र ठरतो. आकडा आधी ठरवून वर्णनाच्या खाली लिहावा.

दुकाने व आस्थापनांसाठी राज्य शासनाने ठरवलेले किमान वेतन एकच माणूस असला तरी लागू होते. ते परिमंडळाप्रमाणे आणि कामाच्या कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा प्रकाराप्रमाणे वेगळे असते, आणि त्यातील विशेष भत्ता जानेवारी व जुलैपासून सुधारला जातो. त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा चालत नाही. चालू सहामाहीचा आकडा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून किंवा आपल्या कर सल्लागाराकडून घ्यावा. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील बहुतेक तरतुदी जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आहेत, हे खरे. पण आठवड्याची एक पूर्ण सुटी आणि दिवसाला नऊ तासांची मर्यादा आपण पाळावी. हंगामात थकलेला माणूस सर्वांत आधी बॅच क्रमांक लिहायचे विसरतो.

पगार रोख की खात्यात, कोणत्या तारखेला, खाडा झाला तर काय, हेही दोन ओळींत लिहून टाकावे.

## टप्पा 5: निकष लिहिणे, माणसे पाहण्यापूर्वी

या टप्प्यावर बहुतेक जण चुकतात. निकष अर्ज आल्यावर सुचू लागले तर ते समोरच्या अर्जदाराच्या मापाने शिवले जातात. म्हणून वर्णन पूर्ण झाल्यावर, जाहिरात लावण्याआधी, निकषांचा कागद तयार करून त्यावर तारीख टाकावी.

निकष दोन प्रकारचे करावेत. पहिले अनिवार्य: त्यांना फक्त "आहे" किंवा "नाही" असे उत्तर असते, आणि एक जरी "नाही" आले तरी अर्ज पुढे जात नाही. असे निकष चारच ठेवावेत. माझे चार असे होते: वय 18 पूर्ण असणे, मराठी वाचता-लिहिता येणे आणि वेष्टनावरील इंग्रजी अक्षरे, आकडे व तारीख वाचता येणे, गणकयंत्राच्या मदतीने बिलाची बेरीज व परत द्यायची रक्कम बरोबर काढता येणे, आणि 1 जून ते 15 ऑगस्ट सुटीचे दिवस वगळता रोज हजर राहता येणे.

शेवटचा निकष साधा दिसतो, पण ग्रामीण भागात तोच सर्वांत जास्त अर्ज गाळतो. घरची चार एकर शेती असलेला तरुण पेरणीच्या आठवड्यात दुकानात कसा येईल? त्याला तो प्रश्न एप्रिलमध्येच विचारला तर तो खरे सांगतो. जूनमध्ये विचारण्याची वेळ आली तर दोघांचेही नुकसान होते.

दुसरे गुणांकनाचे निकष. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे आणि त्याला वजनाने गुणायचे. वजन सात दिवसांच्या वहीतील तिसऱ्या रकान्यावरून येते: जिथे चूक महाग, तिथे वजन जास्त.

| निकष | वजन | कशावरून तपासणार |
|---|---|---|
| नोंद नीट ठेवणे | 3 | खोक्यांची चाचणी |
| माहीत नसलेले विचारून सांगणे | 3 | काउंटरवरील प्रसंग |
| मोबाइल व यंत्र हाताळणे | 2 | यंत्रावरील पायऱ्या पाहून पुन्हा करणे |
| पिके व हंगामाची ओळख | 1 | पाच साधे प्रश्न |
| वेळेवर येण्याची सोय | 1 | अर्जातील उत्तर |

एकूण वजन 10, म्हणजे कमाल गुण 20. पुढे बोलावण्याची रेषा 12 गुणांची, आणि जास्त वजनाच्या पहिल्या दोन निकषांपैकी कशातही 0 नसावे. गुण समान आले तर नोंदीच्या निकषात जास्त असलेला पुढे. हे सगळे आधीच लिहावे.

काय लिहू नये, हेही सांगतो. "पदवीधर" हा निकष ठेवताना वर्णनातील कोणत्या कामाला पदवी लागते ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. मला दाखवता आले नाही, म्हणून काढला. "दोन वर्षांचा अनुभव" लिहिले तर पंचक्रोशीतील दुसऱ्या दुकानातून फुटलेला माणूसच मिळतो, आणि तो तिथल्या सवयीही घेऊन येतो. "मुलगा पाहिजे" असे फळ्यावर लिहिण्याची आपली जुनी पद्धत पूर्ण सोडावी. कामात असे काहीही नाही जे स्त्री करू शकत नाही. जात, गाव, घराणे यांना निकषांत जागा नाही.

तपासणी: प्रत्येक निकषासमोर वर्णनातील ओळीचा क्रमांक लिहून पाहावा. ज्या निकषाला ओळ सापडत नाही तो खोडावा. ज्या महत्त्वाच्या ओळीला निकष नाही तिथे निकष लिहावा.

## टप्पा 6: अर्ज मागवणे

आपल्याकडे बायोडाटा मागितला तर सायबर कॅफेत छापलेला एकसारखा कागद येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा एक पानी अर्ज आपणच छापावा आणि तो दुकानात बसून स्वतःच्या हाताने भरायला सांगावा. अक्षर, क्रम आणि रकाना सोडला की भरला, एवढे त्यातूनच दिसते. नाव, गाव, वय, शिक्षण, येण्याची सोय, कोणत्या महिन्यांत अडचण आहे, दुकानाशी किंवा माझ्या घराशी काही नाते किंवा उधारीचा व्यवहार आहे का, आणि शेवटी एक गणित: "युरियाची 3 पोती, प्रत्येकी 266 रुपये 50 पैसे, आणि 480 रुपयांच्या 2 बाटल्या घेऊन ग्राहकाने 2,000 रुपये दिले, तर परत किती द्याल?" उत्तर 240 रुपये 50 पैसे. पैशांचा हिशेब गाळणारे बरेच असतात, म्हणूनच हे उदाहरण घेतले आहे.

सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर, बचत गटाच्या बैठकीत, कनिष्ठ महाविद्यालयात आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटात, पगार व वेळेसह द्यावी. मुदत दहा दिवसांची आणि शेवटची तारीख ठळक असावी.

याच दहा दिवसांत ओळखीचा माणूस दारात येतो. "भाऊ, माह्या साळ्याचा पोरगा हाये, ठिवून घ्या ना, कुठं कागदं भरत बसता." त्याला नाही म्हणायचे नसते आणि हो तर म्हणायचेच नसते. "काकाजी, पोराला मंगळवारच्या आत दुकानात पाठवा, अर्ज भरू द्या, सगळ्यांसोबत त्याचाही पाहतो," एवढे म्हणावे आणि अर्जाचा कोरा कागद हातात द्यावा. लिहिलेल्या निकषांचा हा मोठाच आधार आहे: नकार मालक देत नाही, कागद देतो, आणि नाते टिकते.

## टप्पा 7: छाननी, एक उदाहरण

माझ्याकडे 11 अर्ज आले. अनिवार्य निकषांची छाननी एका बैठकीत, अर्जावरील नाव कागदाने झाकून केली. एकाचे वय 17 होते. दोघांनी जूनमध्ये घरच्या पेरणीमुळे येता येणार नाही असे स्वतःच लिहिले होते. एकाचे गणित चुकले. त्याला फोन करून दुसरे उदाहरण सोडवण्याची संधी दिली, तेही चुकले. उरले सात.

सातही जणांना वेगवेगळ्या वेळी अर्ध्या तासासाठी बोलावले. खोक्यांची चाचणी अशी: औषधांचे रिकामे, स्वच्छ 12 खोके टेबलावर ठेवायचे. त्यांतील दोन मुदत संपलेले, एकाची मुदत चालू महिन्याअखेर संपणारी. कोऱ्या कागदावर मालाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून यादी करायला सांगायची आणि विक्रीला न ठेवण्यासारखे वेगळे काढायला सांगायचे. वेळ मोजायची नाही. बाराच्या बारा नोंदी बरोबर आणि दोन्ही मुदतबाह्य खोके बाहेर काढले तर 2 गुण, एक-दोन चुका असतील तर 1, त्याहून अधिक असतील किंवा मुदतबाह्य खोका आत राहिला तर 0. जिने महिन्याअखेर संपणाऱ्या खोक्यावर न सांगता खूण केली, तिची मी वेगळी नोंद घेतली, पण गुण वाढवले नाहीत, कारण तसे आधी लिहिलेले नव्हते.

काउंटरवरील प्रसंगात मी शेतकरी झालो: "कपाशीवर मावा पडला, जोरदार काहीतरी दे, मला लवकर जायचं आहे." अपेक्षित उत्तर कोणत्याही औषधाचे नाव नव्हते. "थांबा, मालकांना विचारतो" किंवा तशा अर्थाचे काहीही, शांतपणे सांगितले तर 2. विचारावे लागेल एवढे कळले पण घाबरून गप्प राहिले तर 1. औषध सुचवले तर 0.

चौघांचे गुण पाहण्यासारखे आहेत.

| अर्जदार | नोंद ×3 | विचारणे ×3 | यंत्र ×2 | पीक ×1 | सोय ×1 | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| अ | 6 | 3 | 2 | 2 | 1 | 14 |
| ब | 3 | 0 | 4 | 2 | 1 | 10 |
| क | 3 | 6 | 4 | 1 | 0 | 14 |
| ड | 3 | 3 | 2 | 2 | 2 | 12 |

अ ही बारावी झालेली, बचत गटाचा हिशेब चार वर्षे सांभाळणारी बाई. ब ने दुसऱ्या दुकानात दोन हंगाम काढलेले होते, तो बोलायला सफाईदार होता आणि माझ्या मनात पहिल्या भेटीतच बसला होता. पण काउंटरच्या प्रसंगात त्याने क्षणाचाही विचार न करता दोन औषधांचे मिश्रण सुचवले. निकष आधी लिहिलेले नसते तर मी त्यालाच घेतले असते आणि त्या सवयीला "अनुभव" म्हटले असते. तो दोन्ही अटींवर बाहेर गेला. अ, क आणि ड असे तिघे पुढे आले, उरलेले तीन जण 12च्या खाली राहिले.

तपासणी: गुण त्याच दिवशी, माणूस बाहेर गेल्या गेल्या भरावेत आणि शक्य तर घरातील दुसऱ्या कोणी यादीचा कागद स्वतंत्रपणे तपासावा. दोघांच्या गुणांत एकाहून अधिक फरक आला तर निकषाची व्याख्याच सैल आहे. ती नीट करून सर्वांचे कागद पुन्हा तपासावेत, एकट्याचा नव्हे.

सावधान: एकही जण 12पर्यंत पोहोचला नाही तर रेषा खाली ओढू नये. आधी पगार, वेळ किंवा सूचनेची जागा यांपैकी काय चुकले ते पाहावे आणि पुन्हा अर्ज मागवावेत. त्यासाठीच एप्रिल मोकळा ठेवायचा असतो.

## टप्पा 8: तिघांशी बोलणे आणि कळवणे

या भेटीत नवे निकष आणू नयेत. वर्णन मोठ्याने वाचून दाखवावे आणि प्रत्येक ओळीनंतर थांबावे. यात काय अवघड जाईल, हे विचारावे. क ने 14 किलोमीटरवरच्या त्याच्या गावी जाणारी शेवटची बस साडेपाचला असल्याचे सांगितले, म्हणजे सहापर्यंत थांबणे त्याला रोजच अवघड होते. अ ने विचारले की गुरुवारऐवजी बुधवारी सुटी मिळेल का, कारण बचत गटाची बैठक बुधवारी असते. आमचा बाजार शुक्रवारी आणि पोत्यांचा ताळा गुरुवारी होतो, त्यामुळे बुधवारची सुटी दुकानालाच सोयीची होती. वर्णनातील तेवढी ओळ बदलली. समान गुणांच्या नियमाप्रमाणेही तीच पुढे होती.

दोन संदर्भ घ्यावेत, पण "माणूस कसा आहे" असे विचारू नये. "तिने ठेवलेल्या हिशेबात कधी फरक आला का, आणि आला तेव्हा तिने काय केले" असे विचारले तर ऐकण्यासारखे उत्तर मिळते. गटाच्या अध्यक्षांनी सांगितले की एकदा 50 रुपये कमी भरले होते आणि तिने ते बैठकीत स्वतःहून मांडले.

निवड झाल्यावर वर्णनाच्या दोन प्रती काढून दोघांनी सह्या कराव्यात. एक तिच्याकडे, एक नियुक्तिपत्रासोबत दुकानाच्या फाइलमध्ये. न निवडलेल्या सर्वांना, अगदी अनिवार्य निकषांत गेलेल्यांनाही, आठवड्याच्या आत फोन करून कारण एका वाक्यात सांगावे. क चा आणि ड चा अर्ज जपून ठेवावा आणि त्यांना तसे सांगावे, कारण पहिल्या तीन महिन्यांत जागा पुन्हा रिकामी झाली तर तोवर जून लागलेला असतो.